पालुपद कापू नका

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात तिसऱ्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



या सप्ताहाला तालुक्याच्या कॉलेजातली काही मुलंमुली आली आहेत. त्यांना यंदा लोकसाहित्य नावाचा विषय आहे. गावोगावचे पोवाडे, गोंधळातल्या कथा, जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, उतरवून घ्यायच्या आणि त्यात काय आहे ते उलगडून दाखवायचं, असं त्यांना सांगितलेलं आहे. त्यांचे सर आम्हाला म्हणाले, "महाराज, तुम्ही चाळीस वर्षं उभं राहून गोष्ट सांगता. तुम्ही या पोरांना दोन शब्द सांगा." आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. विषयाचं पुस्तक आम्ही वाचलेलं नाही. पण गोष्ट लोकांपुढं कशी उभी राहते आणि कुठं बसते, हे मात्र पायाला कळलेलं आहे. तेवढंच सांगतो.

काल रात्री आम्ही या मुलांच्या वह्या चाळल्या. अक्षर सुंदर, मेहनत भरपूर. पण एक गोष्ट सगळ्या वह्यांत सारखी दिसली. शाहिरानं एखादी ओळ दुसऱ्यांदा म्हटली की वहीत लिहिलंय, "वरीलप्रमाणे". तिसऱ्यांदा म्हटली की नुसती दोन टिंबं. आणि झीलकऱ्यांनी ओढलेली झील तर लिहिलीच नाही. मुलांचं म्हणणं, तेच तेच किती लिहायचं? आता मंडळी, आजचं आमचं सगळं बोलणं या "वरीलप्रमाणे" वरच आहे. कारण जे गाळलं, त्यातच कारागिरी होती.

उदाहरण म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा पोवाडा घेऊ. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा. सिंहगडाची लढाई झाली १६७० सालच्या फेब्रुवारीत. सभासदाच्या बखरीत ती थोडक्यात उरकली आहे. मावळे चढले, तानाजी आणि उदेभान दोघं एकमेकांच्या हातून पडले, सूर्याजीनं गड राखला, झालं. पण पोवाडा ऐकायला बसलात तर रात्र पुरत नाही. मग जास्तीचं आलं कुठून? बरंचसं आलं ते पुन्हा पुन्हा म्हणण्यातून. अ‍ॅकवर्थ नावाचे साहेब आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून १८९१ साली छापले, त्यात हा आहे. पण छापलेला आणि गायलेला यांत फरक राहतोच. तो फरक कुठं आहे ते बघू.

गडावर मावळे चढले. किल्लेदार उदेभान आत जनानखान्यात आहे. बाहेर कापाकापी चालू. सेवक धावत आत येतो, वर्दी देतो. उदेभान उठत नाही. तो म्हणतो, आपला चंद्रावळी हत्ती सोडा. हत्ती जातो, तानाजीच्या हातून पडतो. पुन्हा सेवक आत येतो. पुन्हा तीच वर्दी. उदेभान सिद्दी हिलालला पाठवतो. तो पडतो. पुन्हा वर्दी. आता उदेभान आपली बारा मुलं पाठवतो. तीही पडतात. पुन्हा वर्दी. आणि मग उदेभान स्वतः उठतो.

आता वहीत हे कसं उतरलं? एका मुलीनं लिहिलंय, "उदेभानाने प्रथम हत्ती, नंतर सिद्दी हिलाल व नंतर बारा मुले पाठवली. ती सर्व मारली गेल्यावर तो स्वतः आला." पोरी, तुझं वाक्य बरोबर आहे. एकही माहिती चुकलेली नाही. फक्त पोवाडा त्यातनं निघून गेला. का गेला ते चारही फेरे एकेक करून बघू म्हणजे कळेल.

आधी बघायचं, न बदलणारं काय आहे. दार तेच, वर्दी तीच, उदेभानाचं न उठणं तेच. आता बघायचं, बदललं काय. पहिल्यांदा गेलं जनावर. दुसऱ्यांदा गेला नोकरीतला माणूस. तिसऱ्यांदा गेलं पोटचं रगत. चौथ्यांदा स्वतःचा देह. म्हणजे फेरा तोच, पण प्रत्येक वेळी आग एक पाऊल घराच्या आत येते. शाहीर तोंडानं सांगत नाही की "आता संकट जवळ आलं". त्यानं दार तसंच ठेवलं आणि दारातनं बाहेर जाणारं बदललं. ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून पोरांनो, एखादा फेरा परत आला की "तेच आहे" म्हणून पुढं जायचं नाही. त्या जागी थांबून विचारायचं, यात एक गोष्ट कोणती बदलली? बहुतेक वेळा एकच बदललेली असते आणि सगळा जोर तिच्यावरच असतो.

दुसरी गोष्ट कागदावर दिसतच नाही. आमच्या भागात एक म्हातारे शाहीर होते. त्यांच्याकडनं हा पोवाडा आम्ही कितीदा तरी ऐकला. पहिली वर्दी ते सावकाश घ्यायचे, सबंध ओळी घोळून, डफ मंद. दुसरी वर्दी निम्म्यात. तिसऱ्या वर्दीला ते अर्धाच शब्द टाकायचे आणि उरलेला समोर बसलेली माणसं पुरा करायची. बायाबापड्या, पोरंसोरं सगळी. आणि चौथ्या वर्दीला काय करायचे? सेवक आत आला, वर्दी दिली, आणि शाहीर गप्प. डफ थांबलेला. तुणतुणं तेवढं एकटं वाजतंय. उदेभानाकडं आता पाठवायला कुणी उरलेलं नाही, म्हणून उत्तरच नाही. तीन वेळा उत्तर ऐकून कान तयार झालेला असतो, तो चौथं उत्तर मागतो आणि ते येत नाही. ती शांतता म्हणजे त्या रात्रीचा कळस. आता सांगा, ज्यानं तीन उत्तरं गाळून "वरीलप्रमाणे" लिहिलं, त्याच्या वहीत ती शांतता कुठं लिहिणार?

दुसऱ्या शाहिराकडं हाच भाग वेगळ्या मापानं येईल. कुणी वर्दी आखूड करणार नाही, उलट वाढवत नेईल. म्हणून लिहिताना कोण गातंय, कुठं गातंय, समोर किती माणसं होती, हे वर लिहायचंच. पोवाड्याचं नाव एक असलं तरी गाणं त्या त्या रात्रीचं असतं.

आता झील. शाहिराच्या मागं दोघं-तिघं उभे असतात. एकाच्या हातात तुणतुणं, एकाच्या हातात झांज. हे झीलकरी. शाहिरानं ओळ सोडली की ते शेवट धरून "जी जी जी" ओढतात. मुलांना वाटलं, याला अर्थ नाही, कशाला लिहायचं. शब्दाला अर्थ नाही हे खरं, पण कामाला आहे. पहिलं काम, शाहिराला दम मिळतो. पोवाडा वीररसाचा, आवाज वरच्या पट्टीत, मधे श्वास घेतल्याबिगर मैलभर चालणार कसा? दुसरं काम, झील चालू आहे तेवढ्यात शाहिराचं मन पुढची ओळ शोधतं. तिसरं काम ऐकणाऱ्यासाठी. हजार माणूस बसलंय, लाऊडस्पीकर नव्हते तेव्हाची गोष्ट. मागच्या माणसाला ओळ कुठं संपली हे झिलीवरनं कळायचं. आणि चौथं, झील गोष्टीचा रंग सांगते. दुःखाच्या जागी ती लांब आणि खाली येते. लढाईच्या जागी आखूड आणि तुटक येते. कटाव चालू झाला, म्हणजे शब्दांमागं शब्द धावत लढाईचं वर्णन सुरू झालं, की मधे झील येतच नाही. शेवटाला एकदम येते. म्हणजे झील कुठं आली एवढंच लिहून भागत नाही. कुठं आली नाही तेही लिहायचं.

टाळकरी मंडळींना हे नवं नाही. कीर्तनात महाराजांनी चरण सोडला की तुम्ही ध्रुपद धरता. छापील गाथ्यात ध्रुपद एकदाच असतं, पुढं "धृ." असं एक अक्षर. वाचणारा ते एकदा वाचतो आणि पुढं जातो. गाणारा प्रत्येक चरणाला त्याच्याकडं परत येतो. पाच चरण असले तर ध्रुपद निदान पाच वेळा आलं, आणि दर वेळी मागच्या चरणाचा अर्थ अंगावर घेऊन आलं. शब्द तेच, पण दुसऱ्या चरणानंतरचं ध्रुपद आणि पाचव्या चरणानंतरचं ध्रुपद एक नव्हे. पोवाड्याच्या पालुपदाचंही तसंच. छापील पानावर ते एक ओळ दिसतं, मांडवात ते अर्धी रात्र असतं. म्हणून वहीत ते जितक्यांदा आलं तितक्यांदा लिहायचं. हात दुखला तर दुखू द्या.

आता तिसऱ्या जातीचं पुन्हा म्हणणं. घोडा आला की त्याचं वर्णन ठरलेलं. वीर उठला, आंघोळ केली, पोशाख केला, हत्यार घेतलं, हे शब्द ठरलेले. एका पोवाड्यातले तेच शब्द दुसऱ्या पोवाड्यात सापडतील. वाचणाऱ्याला वाटतं, शाहिराला नवं सुचलं नाही. तसं नाही. हे ठरीव बोल म्हणजे शेतातली पायवाट आहे. पाय आपोआप पडतात आणि डोळे पुढं बघायला मोकळे राहतात. सर काल आम्हाला सांगत होते, पॅरी नावाच्या अमेरिकन माणसानं १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या पोवाडे गाणाऱ्यांची गाणी यंत्रावर घेतली. त्यांचं वाद्यही एकाच तारेचं, गुस्ले म्हणतात, आपल्या तुणतुण्याचा लांबचा भाऊच म्हणायचा, फक्त ते गजानं वाजवतात. पुढं त्याचा शिष्य लॉर्ड यानं १९६० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना काय आढळलं? गाणारा म्हणायचा, मी शब्दाला शब्द तेच गातो. पण दोन वेळची गाणी शेजारी ठेवली तर ओळी वेगळ्या. ठरीव बोल आणि गोष्टीचे टप्पे कायम, मधली भरणी त्या वेळची. तिकडचा गाणारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी गोष्ट तीच राहिली म्हणजे शब्द तेच राहिले.

हे इथंही करून बघता येतं. एकाच शाहिराकडनं एकच पोवाडा पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा घ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवा. दोन्हीत जसंच्या तसं आलं ते लाल पेन्सिलीनं अधोरेखा. आलं पण बदलून आलं ते निळ्यानं. एकाच वहीत आहे ते तसंच सोडा. लाल उरेल ती चौकट. निळ्यात शाहिराचा हात दिसेल. आणि जे कोरं राहिलं ते बहुधा त्या रात्रीच्या माणसांसाठी होतं, गावचं नाव घेतलेलं असेल, कुणाला कोपरखळी मारलेली असेल.

मग एक रास्त प्रश्न उरतो. काल एका मुलानं तो विचारलाच. "महाराज, शाहीर विसरला म्हणूनही ओळ परत म्हणत असेल की." म्हणत असेल काय, म्हणतोच. सगळंच पुन्हा म्हणणं कारागिरीचं नसतं. पण ओळखता येतं. मुद्दाम परत म्हटलेली ओळ ठरलेल्या जागी येते, फेऱ्याच्या तोंडाशी नाहीतर शेवटाला. अडल्यावर परत म्हटलेली ओळ मधेच येते. मुद्दाम म्हणताना काहीतरी बदलतं, आवाज, चाल, नाहीतर एखादा शब्द. अडल्यावर काही बदलत नाही, उलट पट्टी थोडी उतरते. आणि सगळ्यात पक्की खूण झीलकऱ्यांकडं. त्यांना कळलेलं असतं. ते झील नेहमीपेक्षा लांबवतात, धन्याला वेळ देतात. झील विनाकारण लांबली की समजावं, पुढं शाहीर चाचपडतोय. दुसऱ्या रात्रीच्या गाण्यात ती ओळ त्या जागी परत आली नाही, की खात्री झाली. तरीसुद्धा वहीतनं ती काढायची नाही. बाजूला खूण करून ठेवायची. आपण लिहून घेणारे आहोत, शाहिराचा पोवाडा दुरुस्त करणारे नाही.

बायकांच्या ओवीचं जरा वेगळं. तिथं समोर ऐकणारं कुणी नाही, झीलकरी नाहीत, वर्दी नाही. तरी ओळ परत येते. का? जातं जड असतं. दोघी समोरासमोर बसलेल्या. एकीनं ओळ म्हटली, दुसरीनं तीच उचलली, तेवढ्यात पहिलीला पुढची सुचली आणि खुंटा दोघींच्या हाताखालनं फिरत राहिला. तिथं ओळीचं परत येणं हाताच्या फेऱ्याला बांधलेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा लाखावर ओव्या जमवल्या, त्या गावोगावच्या बायकांच्याच तोंडच्या. पण तुम्ही एखाद्या आजीला खुर्चीवर बसवून म्हटलं, "आजी, ओवी सांगा," तर ती ओळ एकदाच सांगेल आणि पुढं आठवेना म्हणून गप्प बसेल. तिला जात्यापाशी बसवा. दळण नसलं तर मूठभर जोंधळे टाका. समोर तिची जाऊ नाहीतर शेजारीण बसवा. हात फिरायला लागला की ओवी येते. शाहिराचंही तेच. त्याला घरी एकट्याला गायला लावलं तर झील जाते, झील गेली की दम जातो, आणि फेरे आखडतात. मग तुम्ही म्हणणार, पोवाडा लहानच आहे.

आता लिहायचं कसं ते सांगून संपवतो. मोबाईलवर घ्या, पण मोबाईल आवाज घेतो, हात घेत नाही. म्हणून एकानं मोबाईल धरायचा आणि दुसऱ्यानं डोळ्यांनी बघायचं, शाहीर कुठं वळला, डफ कुठं खाली केला, माणसं कुठं हसली. घरी आल्यावर तीनदा ऐकायचं. पानावर उभ्या दोन ओळी आखून तीन भाग करायचे. पहिल्यात कोण म्हणतंय, शाहीर, झीलकरी का ऐकणारी माणसं. दुसऱ्यात शब्द, जितक्यांदा आले तितक्यांदा. तिसऱ्यात काय घडलं, चाल बदलली, वेग वाढला, थांबला, गद्यात बोलला. पहिल्या ऐकण्यात शब्द, दुसऱ्यात कोण, तिसऱ्यात काय घडलं, असं भरत जायचं. अर्ध्या तासाच्या गाण्याला दोन-तीन दिवस लागतील. लागू द्यात. सगळा पोवाडा घाईनं उतरवण्यापेक्षा उदेभानाचे चार फेरे नीट उतरवले तर सरांनाही दाखवायला जास्त मिळेल.

आणि मंडळी, हे फक्त कॉलेजच्या पोरांसाठी नाही. आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ज्या चाली आणि कथा आहेत त्या उतरवायचं काम या शताब्दीत घेतलेलं आहे. आपले लिहिणारेही कागद वाचवायला "धृ." लिहून मोकळे होतात. कागद आम्ही आणून देतो. चार रिमं लागली तर चार. ज्यांना ऐकून लिहायचं आहे त्यांनी आज हरिपाठ झाल्यावर विणेकऱ्यांकडं नावं द्यावीत. ज्यांच्या घरी जुना गाणारा माणूस आहे त्यांनीही सांगावं, आणि त्याच्या मागं झील ओढणारा अजून कुणी आहे का तेही सांगावं. झीलकरी आहे तोवर दोघांना एकत्र बसवलं पाहिजे. एकटा गाणारा राहिला तर शब्द मिळतील, पण फेरा मिळणार नाही.

राम कृष्ण हरी.